स्कूल बसचं ट्रिप शीट: रूटनिहाय किलोमीटर, मुलं आणि ड्रायव्हरचे पैसे एका पानावर कसे आणायचे?

सारथी_नाशिक

नमस्कार मंडळी. वडिलांचा स्कूल बसचा व्यवसाय आहे, पाच गाड्या. हिशेब आजवर वडिलांच्या वहीत होता, या वर्षीपासून तो माझ्या गळ्यात पडलाय. शाळेने दर महिन्याला एक पान मागितलंय: प्रत्येक रूटवर किती किलोमीटर झाले, किती मुलं होती. त्याच पानावर ड्रायव्हरला त्या रूटपोटी किती गेले हेही मला स्वतःसाठी हवंय, कारण जूनमध्ये दर ठरवताना अंदाजपंचे बोलावं लागतं.

सध्याचं शीट असं आहे: डावीकडे रूटची नावं, वर १ ते ३१ तारखा आणि प्रत्येक चौकटीत मुलांची संख्या. किलोमीटर दुसऱ्या शीटवर, गाडीवार. पगार तिसऱ्या शीटवर, ड्रायव्हरवार. तिन्ही जोडायला गेलो की काहीतरी उरतं किंवा कमी पडतं. गेल्या महिन्यात इंदिरानगर रूटची बेरीज काढली तर 'एकूण विद्यार्थी' हजाराच्या वर गेले. शाळेतून लगेच फोन, की अहो, आमच्या अख्ख्या शाळेत तेवढी मुलं नाहीत.

एक गाडी साधारण दोन रूट करते, सकाळच्या अधिवेशनाचा एक आणि दुपारचा एक. कुणी असं शीट चालवत असेल तर सांगा.

पिवटप्रेमी

सोपं आहे. आडव्या तारखा काढून टाका. एका फेरीला एक ओळ: तारीख, गाडी, रूट, वेळ, ड्रायव्हर, मुलं, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, पैसे. मग पिवट टेबल. रूट ओळीत टाका, बाकी सगळं व्हॅल्यूजमध्ये. दोन मिनिटांचं काम आहे, उगाच फॉर्म्युले कशाला लिहायचे?

कोल्हापूरचा_गाडीवाला

आमच्याकडं तीन ट्रॅव्हलर हायत. ड्रायव्हर रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मीटरचा फोटो टाकतो. महिन्याच्या शेवटी पहिला फोटो नि शेवटचा फोटो, वजाबाकी. त्याला डिझेलनं भागलं की अ‍ॅव्हरेज. पोरं किती ते मावशीला तोंडपाठ. शीट-बिट काय लागत न्हाई बघा.

तोच_तो

तीन गाड्यांना लागत नाही. पाचाला लागतं. आणि मावशी सोडून गेल्या की तीनलाही लागतं.

हिशेबनीस

पिवटप्रेमींचं अर्धं बरोबर आहे. एका फेरीला एक ओळ, हे करायलाच हवं. पण त्या ओळीत सगळंच कोंबलं की पिवट बिनदिक्कत चुकीची बेरीज देईल. आकड्यांच्या रकान्याची तो आपणहून बेरीज करतो, त्यामुळे मुलांचीही करेल आणि मीटर रीडिंगचीही. 'हजार विद्यार्थी' पुन्हा येतील, फक्त जास्त देखण्या चौकटीत.

तीन आकडे तीन वेगवेगळ्या मालकांचे आहेत, खरी अडचण तिथे आहे. किलोमीटर गाडीचे असतात, मुलं रूटची असतात, पगार ड्रायव्हरचा असतो. तुम्हाला तिन्ही रूटच्या नावावर हवेत. मुलं मुळातच रूटची आहेत, तिथे फक्त बेरीज न करता सरासरी घ्यायची. किलोमीटर आणि पगार मात्र वाटावे लागतात आणि कसे वाटायचे ते आधी ठरवावं लागतं. ते शीट ठरवत नाही.

दोन रूट करणाऱ्या एखाद्या गाडीचा एका दिवसाचा मीटर इथे टाकता का? प्रत्येक टप्प्याचं रीडिंग हवं. एक दिवस स्वतः गाडीत बसा.

आबोली_पालक

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्याकडून मे महिन्याची फी का घेतात? शाळा बंद, बस बंद, मग किलोमीटर शून्य नाहीत का?

सारथी_नाशिक

ताई, तो वेगळा प्रश्न आहे. बहुतेक जण वर्षाची रक्कम ठरवून हप्त्यांत घेतात, काही दहा महिन्यांची घेतात. तुमच्या करारात काय लिहिलंय ते बघा. इथे खरंच फक्त शीटचं चाललंय.

हिशेबनीस, आज बसलो गाडीत. पार्किंग पाथर्डी फाट्याजवळ, शाळा गंगापूर रोडला. 'अ' रूट सकाळचा, 'ब' रूट दुपारचा.

पार्किंग सोडलं तेव्हा ४१,२१०. 'अ'चा पहिला स्टॉप ४१,२१४. शाळा ४१,२२७. परत पार्किंग ४१,२३६.
'ब'चा पहिला स्टॉप ४१,२३८. शाळा ४१,२४९. तिथेच थांबून 'अ'ची मुलं घेतली, शेवटचा स्टॉप ४१,२६२. पार्किंग ४१,२६६.
संध्याकाळी शाळा ४१,२७५. 'ब'चा शेवटचा स्टॉप ४१,२८६. पार्किंग ४१,२८८.

हिशेबनीस

छान, यात सगळं दिसतं.

दिवसाचे ७८ किलोमीटर. त्यात मुलं गाडीत असताना 'अ'चे १३ आणि १३ म्हणजे २६, 'ब'चे ११ आणि ११ म्हणजे २२. दोन्ही मिळून ४८. उरलेले ३० गाडी रिकामी धावली. तुमचं 'काहीतरी उरतं' ते हेच. डिझेल मात्र ७८ चंच जळतं.

हे ३० कुणाच्या नावावर टाकायचे? मी असं करतो: ज्या फेरीसाठी गाडी निघाली, तिच्या आधीचं रिकामं धावणं त्या फेरीचं. फेरी संपल्यावर पार्किंगला परतणंही त्याच फेरीचं. म्हणजे 'अ'कडे सकाळचे ४ आणि ९, दुपारचे परतीचे ४, एकूण १७. 'ब'कडे २, ९ आणि २, एकूण १३. 'अ' ४३, 'ब' ३५, बेरीज ७८. मीटरशी जुळलं.

दुसरी पद्धत भरल्या किलोमीटरच्या प्रमाणात वाटण्याची. तुमच्या गाडीत तसं केलं तरी १६.२५ आणि १३.७५ येतं, म्हणजे जवळपास तेच. पण पार्किंगपासून लांब असलेला एखादा छोटा रूट असेल तर दोन पद्धतींत बराच फरक पडतो. अशा रूटचा खर्च प्रमाणात वाटला की तो फुकट स्वस्त दिसतो. म्हणून मी पहिली धरतो.

पिवटप्रेमी

पण ड्रायव्हर रोज दहा-अकरा रीडिंग लिहिणार का? सकाळी सहाला? मला शंका आहे.

हिशेबनीस

लिहिणार नाही. आणि लिहिली तर तिसऱ्या दिवसापासून कालची बघून आज लिहील. ओळखायचं कसं, तर प्रत्येक फेरी रोज बरोबर १३ दिसते, कधी १२ नाही, कधी १४ नाही.

म्हणून ड्रायव्हरकडून दिवसाची दोनच रीडिंग घ्या, सकाळी निघताना आणि रात्री लावताना. कोल्हापूरच्या गाडीवाल्यांचा फोटो याला उत्तमच. आणि प्रत्येक रूटची लांबी, रिकामी आणि भरलेली, आज केलीत तशी एकदा मोजून ठेवा. स्टॉप बदलला की पुन्हा मोजा. महिन्याच्या शेवटी फेऱ्या गुणिले ठरलेली लांबी एका बाजूला आणि मीटर दुसऱ्या बाजूला. फरक आला तर तो वेगळ्या ओळीत दाखवायचा, रूटमध्ये मुरवायचा नाही.

म्हणजे दोन शीटं. Log मध्ये एका फेरीला एक ओळ: तारीख, गाडी, रूट, वेळ, ड्रायव्हर, मुलं, शेरा. किलोमीटर त्यात नकोतच. Meter मध्ये एका गाडीला एका दिवसाची एक ओळ, दोन रीडिंग. गाडी बंद पडून दुसरी पाठवली तरी Log मधली ती ओळ त्या रूटचीच राहते, फक्त गाडीचा रकाना बदलतो.

फेऱ्या मोजायला (H1 मध्ये महिन्याची पहिली तारीख):

```
=COUNTIFS(Log!C:C,A2,Log!A:A,">="&$H$1,Log!A:A,"<"&EDATE($H$1,1))
```

प्राजक्ता_म

मी एका शाळेच्या कार्यालयात आहे, परिवहन समितीची कागदपत्रं माझ्याकडेच असतात. (२०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांपासून ही समिती प्रत्येक शाळेत असावी लागते, मुख्याध्यापक अध्यक्ष.) शाळेला कोणता आकडा हवा असतो ते सांगते, म्हणजे सारथींचे फोन वाचतील.

आम्हाला बेरीज नकोच असते. तीन गोष्टी बघतो. त्या रूटवर नाव नोंदवलेली मुलं किती, सरासरी किती चढतात आणि एका फेरीत जास्तीत जास्त किती होती. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो आसनसंख्येशी ताडून बघायचा असतो. सरासरी २९ आणि एका दिवशी ४१ असेल तर त्या दिवशी काय झालं हे आम्ही विचारणारच.

आणखी एक. सकाळची आणि परतीची सरासरी वेगळी द्या. आमच्याकडे परतीला नेहमी कमी मुलं असतात. कुणी शाळेतून थेट क्लासला जातं, कुणाला आजोबा न्यायला येतात. एकत्र सरासरी काढली की दोन्ही फेऱ्यांबद्दल चुकीचं चित्र उभं राहतं.

सारथी_नाशिक

हे शाळेने मला सांगितलं असतं तर! धन्यवाद ताई. 'अ'ची नोंद ३४, 'ब'ची २७.

लॉग भरलं, पण अडकलोय. फेऱ्यांचा आकडा सगळीकडे ० येतो आणि सरासरीला हे केलं तर #DIV/0! येतं:

```
=AVERAGEIFS(Log!F:F,Log!C:C,A2,Log!D:D,"सकाळ",Log!A:A,">="&$H$1,Log!A:A,"<"&EDATE($H$1,1))
```

पिवटप्रेमी

तारखा चौकटीत डावीकडे चिकटल्यात का उजवीकडे? डावीकडे असतील तर तो मजकूर आहे, तारीख नाही. 15.07.2025 असं टिंब देऊन लिहिलं की माझ्याकडे नेहमी होतं. मजकुराला 'या तारखेनंतर' लागूच पडत नाही, म्हणून शून्य. आणि शून्य ओळींची सरासरी म्हणजे तोच एरर.

सारथी_नाशिक

टिंबच होती! बदलली. आता 'अ' येतोय, पण 'ब'च्या फेऱ्या कमी दिसतायत.

पिवटप्रेमी

रूटची नावं कुणी कुणी लिहिली? एकाने शेवटी स्पेस दिली असेल, दुसऱ्याने 'इंदिरा नगर' असं तोडून लिहिलं असेल. रूट, गाडी आणि ड्रायव्हर या रकान्यांना ड्रॉपडाउन लावा, म्हणजे हाताने कुणी काही लिहायलाच नको. आणि मुलांच्या रकान्यात कुणी '२६ मुले' असं लिहिलंय का तेही बघा. तो आकडा सरासरीत येत नाही आणि शीट एका शब्दाने सांगतही नाही.

हिशेबनीस

बरोबर. आणि मोजली नसतील तर चौकट रिकामी ठेवायला सांगा, ० लिहायचं नाही. रिकामी चौकट सरासरीतून वगळली जाते, ० धरला जातो. मावशी सुट्टीवर असल्या की मोजणी होत नाही, त्या दिवशी ० पडला तर सरासरी विनाकारण खाली येते.

कोल्हापूरचा_गाडीवाला

आणि पावसाची सुट्टी? आमच्याकडं जुलैत पाणी चढलं की सकाळी साडेसहाला मेसेज येतो, सुट्टी. तवर गाडी निम्म्या वाटंवर असते. ती फेरी धरायची का न्हाई?

हिशेबनीस

गाडी निघाली म्हणजे ओळ लिहायची. मुलं रिकामी, शेऱ्यात 'पावसाची सुट्टी, वाटेतून परत'. ठरलेल्या लांबीने किलोमीटर थोडे जास्त धरले जातील, ते मीटरच्या फरकात दिसतील. गाडी निघालीच नाही तर ओळच नको.

आता ड्रायव्हरचे पैसे. सारथी, या गाडीच्या ड्रायव्हरचं कसं ठरलंय?

सारथी_नाशिक

महिना १५,००० ठरलेले. गेल्या महिन्यात ३ खाडे झाले, तिन्ही दिवस बदली ड्रायव्हर, त्याला फेरीला १८० रुपये. दोन खाडे आम्ही माफ करतो, तिसऱ्याचे कापले. आधी ३,००० उचल होती ती वळती करून हातात ११,५०० दिले. शीटमध्ये ११,५०० टाकलेत.

सोमवार ते शुक्रवारचे १८ दिवस, ४ शनिवार. शनिवारी फक्त 'अ' असतो.

हिशेबनीस

शीटमध्ये ११,५०० नको. उचल म्हणजे त्याला आधीच दिलेले पैसे. या महिन्याचा खर्च पूर्ण पगाराचा, ती फक्त हातात देताना वळती होते. उचल खर्चातून वजा केली की या महिन्यात रूट स्वस्त दिसेल. आणि उचल दिली त्या महिन्यात खर्चात धरली असेल तर तेव्हा महाग दिसला असेल. उचलीसाठी ड्रायव्हरच्या नावाचं वेगळं खातं ठेवा, रूटच्या पानावर ती येऊ देऊ नका.

मग असं होतं. १५,००० मधून एक दिवस तीसने भागून ५०० कापले, १४,५००. बदलीच्या ३ दिवसांच्या १२ फेऱ्या, १८० प्रमाणे २,१६०. गाडी चालवायला एकूण १६,६६० लागले. 'अ'च्या फेऱ्या २२ दिवसांच्या ४४, 'ब'च्या १८ दिवसांच्या ३६, एकूण ८०. फेरीला २०८.२५. म्हणजे 'अ'कडे ९,१६३ आणि 'ब'कडे ७,४९७.

बदलीचे पैसे त्याने ज्या फेऱ्या केल्या त्यांच्यावरच टाकण्याचा मोह होतो. पण मूळ ड्रायव्हर कोणत्या वारी आजारी पडला यावर रूटचा खर्च ठरू नये. म्हणून एकत्र करून मग वाटतो.

तोच_तो

तीसने का भागलंत? शाळा २२ दिवस होती. १५,००० भागिले २२ म्हणजे एका दिवसाचे ६८२.

कोल्हापूरचा_गाडीवाला

आमी सव्वीसनं भागतो. ५७७.

हिशेबनीस

पगार महिन्याचा ठरला असेल आणि रविवारही त्यात धरलेले असतील तर तीस योग्य वाटतं मला. पण हे ड्रायव्हरशी कामावर घेताना बोलून ठेवायचं. खाडा पडल्यावर भागाकार ठरवायला बसलात तर भांडण ठरलेलं.

तोच_तो

मालकाने बाविसाने कापायचं आणि जादा दिवसाचे मात्र तिसाने द्यायचे, हेही पाहिलंय.

पुणेकर_वाहतूक

माझ्या नऊ बस आहेत, हिंजवडी-वाकड भागात. फेरीवर समान वाटणं मला पटत नाही. माझा एक रूट पस्तीस मिनिटांचा, एक दीड तासाचा, तोही एकाच ड्रायव्हरचा. दोघांना सारखेच पैसे कसे लावायचे? मी किलोमीटरवर वाटतो.

हिशेबनीस

दीड तासाचा रूट लांब असल्यामुळे दीड तासाचा आहे की गर्दीमुळे?

पुणेकर_वाहतूक

गर्दीमुळेच. अंतर ९ किलोमीटर.

हिशेबनीस

मग किलोमीटरवर वाटून तो उलट स्वस्त दिसत असेल. डिझेल आणि टायर किलोमीटरवर वाटावेत. ड्रायव्हर वेळ देतो, त्याचा पगार वेळेच्या प्रमाणात वाटा. Log मध्ये निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, दोन रकाने वाढतील. नाशिकच्या या गाडीत दोन्ही रूट साधारण सारख्या वेळेचे दिसतात, तिथे फेरी पुरते.

पुणेकर_वाहतूक

आणि मधले चार तास? सकाळची फेरी झाली की दुपारपर्यंत ड्रायव्हर गाडीतच झोपतो. तो वेळ कुणाचा? मी तरी अजून समाधानकारक वाटणी पाहिलेली नाही.

प्राजक्ता_म

डोक्यामागे काढून बघितलं का? 'अ' ९,१६३ भागिले ३४ म्हणजे २७० रुपये. 'ब' ७,४९७ भागिले २७ म्हणजे २७८. 'ब'च्या फेऱ्या कमी, तरी मुलामागे ड्रायव्हरचा खर्च जास्त. शनिवारी आमची मुलं येत नाहीत म्हणून फी कमी करा, असं दुपारच्या पालकांनी म्हटलं तर हे दाखवता येईल.

फक्त नोंदणीनेच भागा, सरासरी हजेरीने नाही. मूल आलं नाही तरी त्याची जागा राखलेलीच असते.

सारथी_नाशिक

हाच आकडा मला जूनमध्ये हवा होता.

मीटरचं लावून बघितलं. सोमवार ते शुक्रवार ७८ प्रमाणे १८ दिवस, १,४०४. शनिवारी फक्त 'अ', पण दुपारी मुलं आणायला पार्किंगवरून रिकामं जावं लागतं, म्हणून ५२, चार शनिवार २०८. एकूण १,६१२ यायला हवेत. मीटर म्हणतो १,६९५. फरक ८३.

मग प्रत्येक सकाळचं रीडिंग आदल्या रात्रीच्या रीडिंगशी लावलं. एका रविवारी ६४ चं अंतर आहे. बाबांना विचारलं तर आत्याकडच्या साखरपुड्याला सिन्नरला गाडी दिली होती म्हणे. वहीत कुठेच नाही.

तोच_तो

म्हणून वही बाबांकडे होती.

पुणेकर_वाहतूक

परमिटवर आणि विम्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या. स्कूल बस म्हणून काढलेल्या विम्यावर साखरपुड्याची पाहुणेमंडळी बसली आणि काही झालं तर निस्तरणं कठीण.

हिशेबनीस

ते ६४ रूटच्या बाहेरच ठेवा, 'इतर' म्हणून. उरलेले १९ महिनाभरात पंप आणि हवा भरण्यात गेले असतील, मी तरी मागे लागणार नाही. तीच तफावत दर महिन्याला वाढत गेली तर बघा. आणि रात्रीचं रीडिंग पुढच्या सकाळच्या रीडिंगशी जुळतं का, हा एक रकाना Meter मध्ये कायमचा ठेवा. B मध्ये गाडी, C सकाळ, D रात्र, ओळी आधी गाडीवार आणि मग तारखेवार लावलेल्या:

```
=IF(B3=B2,C3-D2,"")
```

शून्याखेरीज काही दिसलं की त्याच दिवशी विचारायचं. महिन्याने विचारलं तर कुणालाच आठवत नाही.

कोल्हापूरचा_गाडीवाला

माझ्या फोटोत रविवारचा फोटोच नसतो. आता सोमवारी सकाळचा पण मागवतो.

एक राहिलं. परीक्षेच्या दिवसांत पोरं कमी असली की दोन रूट एका गाडीत घालतो. ती फेरी लिहायची कुणाच्या नावावर? दोन ओळी लिहिल्या तर ड्रायव्हरच्या दोन फेऱ्या धरल्या जातात, एक लिहिली तर दुसऱ्या रूटची पोरं गायब.

पिवटप्रेमी

फेरीच्या रकान्यात दोन्ही ओळींना ०.५ लिहा आणि COUNTIFS ऐवजी SUMIFS वापरा.

हिशेबनीस

पैशांपुरतं चालेल. पण प्राजक्ताताईंना हवा तो 'एका फेरीत जास्तीत जास्त मुलं' हा आकडा चुकेल, कारण गाडीत प्रत्यक्ष बसलेली मुलं दोन ओळींत विभागली जातील. नेमकी त्याच दिवशी गाडी जास्त भरलेली असते. मी अशा फेरीला 'जोड' नावाचा वेगळा रूट देतो, पण मग महिनाअखेरीस तो हाताने वाटत बसावं लागतं. कुणाकडे याहून बरं काही असेल तर मलाही हवंय.

सारथी_नाशिक

आमच्याकडे पुढच्या आठवड्यात घटक चाचणी आहे, तेव्हा जोडफेऱ्या होणारच. दोन्ही पद्धतींनी लिहून ठेवतो आणि इथे टाकतो.